रिझल्टमध्ये एका विषयाचे मार्कच नाहीत, परीक्षा नियंत्रकांना मेल कसा करायचा?

प्रश्न: "मी शहाद्याकडे टीवाय बीकॉमला आहे. काल रिझल्ट लागला, बाकी सगळ्या विषयांचे मार्क आलेत पण ऑडिटिंगच्या पुढे काहीच नाही. पेपर मी दिलेला आहे. कॉलेजवाले म्हणतात विद्यापीठाला मेल करा. परीक्षा नियंत्रकांना मेल कसा लिहायचा, कोणाकडे फॉरमॅट असेल तर द्या."

भाऊ, फॉरमॅट देतो, खाली पूर्ण मेलच लिहून दिलाय. पण तो उचलून पाठवायच्या आधी थोडं वाच, कारण धुळे जिल्ह्यातल्या एका कॉलेजच्या परीक्षा विभागात बावीस वर्षं काढली मी आणि असे मेल पोरांसोबत बसून खूप लिहिले, आणि मेल अडकतो तो भाषेमुळे नाही, तर मेल उघडणाऱ्या माणसाला तुझा पेपर शोधायला लागणारी माहिती त्यात नसते म्हणून अडकतो.

मेल परीक्षा नियंत्रकांच्या नावाने जातो, पण तो उघडतो तुझ्या फॅकल्टीचं टेबल सांभाळणारा क्लार्क. रिझल्ट लागल्यावरच्या आठवड्यात त्याच्याकडे असे मेल रोज येतात. "सर मी पेपर दिला होता, माझे मार्क आले नाहीत, प्लीज लवकर करा" एवढंच वाचून तो काय करणार? त्याच्या कॉम्प्युटरवर तू नाव नाहीयेस, सीट नंबर आहेस, पीआरएन आहेस, विषयाचा कोड आहेस. हे तीन नसले तर तो तुला उलटा मेल करणार, तू दोन दिवसांनी बघणार, मग तू एक नंबर पाठवणार आणि दुसरा विसरणार, असे पंधरा दिवस सहज जातात. म्हणून पहिल्या मेलमध्येच सगळं असं टाकायचं की त्याला तुला काहीच विचारावं लागू नये.

आता आधी रिझल्ट नीट उघड. मोबाईलवर वरवर नको, पीडीएफ डाऊनलोड करून मोठं करून बघ. "पुढे काहीच नाही" असं तू लिहिलंस पण यात तीन वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात आणि तिन्हींचा रस्ता वेगळा आहे. ऑडिटिंगच्या ओळीत अंतर्गत मार्कांचा एक रकाना असतो आणि विद्यापीठाच्या लेखी पेपरचा एक. लेखीचे मार्क दिसतायत आणि अंतर्गतचा रकाना रिकामा आहे, असं असेल तर विद्यापीठाला मेल करून काही उपयोग नाही, कारण ते मार्क विद्यापीठाकडे पोचलेलेच नाहीत, ते तुझ्या कॉलेजने भरायचे असतात. कोणी सरांनी शीट द्यायचं ठेवलं, किंवा भरताना तुझी ओळ सुटली, किंवा भरलं पण शेवटचं कन्फर्म केलं नाही. तिथे कॉलेजनेच प्राचार्यांच्या सहीचं पत्र आणि सही-शिक्क्याचं मार्कांचं शीट पाठवायला लागतं. तुझा मेल तिथे गेला तरी उत्तर येणार की कॉलेजमार्फत या.

दुसरा प्रकार म्हणजे अंतर्गत मार्क आहेत पण लेखीच्या रकान्यात डॅश आहे, किंवा AB लिहिलंय. AB म्हणजे गैरहजर. हे बघून पोरं घाबरतात, पण खरं सांगू का, डॅशपेक्षा AB सोडवायला बऱ्याचदा सोपं जातं, कारण त्यात विद्यापीठाने एक ठाम गोष्ट म्हटलेली असते की तू आला नव्हतास, आणि ती खोडायला तुझ्याकडे सही असते. याच्यावर खाली सविस्तर बोलतो.

तिसरा प्रकार, ऑडिटिंगची ओळच नाही, किंवा ऑडिटिंगच्या जागी भलताच विषय आहे आणि त्याच्यापुढे AB आहे. म्हणजे परीक्षा फॉर्म भरताना ऐच्छिक विषयाचा कोड चुकलेला. फॉर्म सायबर कॅफेत भरला असेल तर हे फार होतं, यादीत खालचा विषय क्लिक होतो आणि कोणी प्रिंट वाचत नाही. याची खूण सोपी आहे, हॉल तिकीट काढ आणि त्यावर छापलेला विषयाचा कोड तू दिलेल्या प्रश्नपत्रिकेच्या कोडशी ताडून बघ. दोन्ही वेगळे असतील तर पेपर हरवलेला नाही, पेपर आणि फॉर्म यांचा मेळ बसत नाहीये, आणि मेलमध्येही तसंच स्पष्ट लिहायचं. "मार्क आले नाहीत" एवढंच लिहिलंस तर ते चुकीच्या ठिकाणी शोधत बसतील.

हे घरी बसून नक्की कळत नसेल तर कॉलेजच्या परीक्षा विभागात जा आणि लेजर दाखवा म्हण. लेजर म्हणजे सगळ्या पोरांचा निकाल असलेला मोठा तक्ता, विद्यापीठ तो कॉलेजला देतं. वेबसाइटवरच्या रिझल्टमध्ये जे गाळलेलं असतं ते लेजरमध्ये पुष्कळदा दिसतं, कधी शेरा असतो, कधी कळतं की तुझ्या एकट्याचे नाही तर तुझ्या वर्गातल्या तीस जणांचे ऑडिटिंगचे मार्क गायब आहेत. तीस जणांचे असतील तर विषय तुझा नाहीच, एखादा गठ्ठा तपासणी केंद्रावर राहिलाय किंवा त्याचे मार्क चढायचे राहिलेत, मग एकेकट्याने मेल करायचे नाहीत, सगळ्यांच्या सीट नंबरची यादी लावून कॉलेजने एक पत्र द्यायचं. ते लवकर होतं. म्हणून सगळ्यात आधी वर्गाच्या ग्रुपवर विचार की आणखी कोणाचं असं झालंय का.

आता एक खरी केस सांगतो, म्हणजे कागद कुठला लागतो आणि का लागतो ते कळेल. शिरपूर तालुक्यातली एक मुलगी, एसवाय बीएस्सी, चौथं सेमिस्टर. केमिस्ट्रीच्या एका पेपरला अंतर्गत ४० पैकी ३१, आणि लेखीच्या ६० च्या रकान्यात AB. तिने घाबरून रात्रीच मेल केला होता, भावाच्या ईमेलवरून. लिहिलं होतं की मी सगळे पेपर दिलेत, माझं वर्ष वाया जाईल, वडील शेतमजूर आहेत, कृपा करा. शब्द न् शब्द खरा होता पण त्यात सीट नंबर नव्हता. बारा दिवस उत्तर नाही. मग वडलांना घेऊन माझ्याकडे आली. बाप बिचारा एकच विचारत होता, "सायेब, पेपर तं दिधा, मंग मार्क कोठे गयात?"

मी म्हटलं बसा, मार्क कुठे गेले ते आपल्याला सांगता येणार नाही, पण पेपर कुठून गेला ते दाखवता येईल. परीक्षेच्या दिवशी प्रत्येक ब्लॉकमध्ये हजेरीचा कागद फिरतो, त्यावर तुम्ही पोरं सही करता. सही करताना सीट नंबरपुढे उत्तरपत्रिकेचा छापील क्रमांक लिहिलेला असतो, पुरवणी घेतली असेल तर तिचाही. पोरांच्या हे लक्षातसुद्धा राहत नाही, पण सगळी केस त्या एका ओळीवर उभी राहते. आमच्या केंद्रावर त्या कागदाची प्रत ठेवलेली होती, ती काढली. दुपारचं सेशन, ब्लॉक नंबर ७, तिची सही, उत्तरपत्रिकेचा क्रमांक, एक पुरवणी. त्याच दिवशीचा गैरहजर मुलांचा रिपोर्टही काढला, त्यात तिचा सीट नंबर नव्हता. म्हणजे आमच्या केंद्राने तिला गैरहजर दाखवलंच नव्हतं. पेपर गठ्ठ्यात गेला होता, तपासलाही गेला असणार, फक्त मार्क तिच्या नावावर चढले नव्हते.

आता हे कसं होतं ते बघ. तपासताना पेपरवरचं नाव-नंबर झाकलेलं असतं, मार्क वेगळ्या कोडवर भरले जातात, आणि नंतर तो कोड परत सीट नंबरशी जुळवतात. जुळवताना पेपरच्या पहिल्या पानावर मुलाने स्वतः लिहिलेला सीट नंबर, किंवा गोल काळे केलेला नंबर, वाचला जातो. तिथे एक आकडा इकडचा तिकडे झाला की मार्क भलत्याच नंबरकडे जायला बघतात, तो नंबर त्या विषयाला बसलेलाच नसेल तर कुठेच जुळत नाहीत आणि तसेच पडून राहतात. आणि जिच्या नंबरवर मार्क आले नाहीत तिच्यापुढे सिस्टीम AB टाकते. या मुलीचा सीट नंबर समजा २१४७३६ होता, तिने त्या दिवशी घाईत २१४७६३ लिहिला होता. शेवटचे दोन आकडे उलटे. ज्युनियर सुपरवायझरने सही करताना तपासायला पाहिजे होतं, पण चाळीस पोरांच्या ब्लॉकमध्ये राहून जातं.

पण मेल लिहिताना आम्हाला हे माहीत नव्हतं, आणि माहीत असायची गरजही नव्हती. आम्ही मेलमध्ये कुठलाच अंदाज लिहिला नाही. एवढंच लिहिलं की हा सीट नंबर, हा विषय कोड, ही तारीख, ही उत्तरपत्रिका, सोबत हजेरीच्या कागदाची प्रत, कृपया या उत्तरपत्रिका क्रमांकावरून शोध घ्यावा. सीट नंबरवरून शोधलं असतं तर परत AB च दिसलं असतं. उत्तरपत्रिकेच्या क्रमांकावरून शोधल्यावर पेपर सापडला, लेखीचे ३८ निघाले, आणि साधारण तीन आठवड्यांत दुरुस्त रिझल्ट आला. पहिल्या मेलला बारा दिवस काही झालं नाही आणि दुसऱ्याला तीन आठवड्यांत काम झालं, फरक फक्त त्या एका क्रमांकाचा होता.

म्हणून तुला कॉलेजमधून काय आणायचं ते आता सांगतो. "विद्यापीठाला मेल करा" हे कॉलेजचं म्हणणं अर्धंच बरोबर आहे. मेल तू कर, पण हजेरीच्या कागदातली तुझी ओळ आणि एक अग्रेषण पत्र त्यांनी द्यायलाच पाहिजे. भांडू नको, परीक्षा अधिकारी सरांना भेट आणि नीट सांग, सर, ऑडिटिंगचा पेपर अमुक तारखेला आपल्या केंद्रावर दिलाय, हजेरीत माझी सही बघायची आहे. बघू दिलं की उत्तरपत्रिकेचा क्रमांक वहीत उतरवून घे. प्रत पोराच्या हातात द्यायला कॉलेज कधी कधी नाही म्हणतं कारण त्यावर बाकीच्यांचीही नावं-सह्या असतात, ते त्यांचं बरोबर आहे, मग त्यांना सांग की तुम्हीच तुमच्या मेलवरून विद्यापीठाला पाठवा आणि मला सीसीत ठेवा. परीक्षा केंद्र दुसऱ्या कॉलेजात असेल तर हा कागद तिकडे मिळेल, आपल्या कॉलेजचं पत्र घेऊन तिकडे जायचं.

अग्रेषण पत्राने काय होतं विचारशील तर, विद्यापीठ तुला ओळखत नाही, कॉलेजला ओळखतं. हा आमचा विद्यार्थी आहे आणि अमुक दिवशी हजर होता असं प्राचार्यांच्या सही-शिक्क्याने आलं की क्लार्कला ते वर टिपणीत जोडता येतं. नुसत्या मुलाच्या मेलवर कोणी मार्क बदलत नाही आणि बदलूही नयेत.

मेल कोणाला हेही बघून घे. आपल्याकडे सगळे अजून परीक्षा नियंत्रक म्हणतात, पण २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यानुसार सरकारी विद्यापीठांत या पदाचं नाव संचालक, परीक्षा व मूल्यमापन मंडळ असं आहे. वेबसाइटवर ईमेल शोधताना नियंत्रक म्हणून शोधलंस तर जुनं पान उघडेल, संचालक म्हणून शोध. आणि तुझं कॉलेज स्वायत्त असेल तर मग विद्यापीठात नाही, कॉलेजच्याच परीक्षा नियंत्रकांकडे जायचं, कारण पेपर तिथेच तपासला जातो आणि रिझल्टही तेच लावतात. जुन्या ग्रुपवर फिरणारा ईमेल आयडी वापरू नको, आजच्या वेबसाइटवरचा किंवा कॉलेजने दिलेलाच घे.

आता मेल. मराठीत लिहिलंस तरी चालतं, अजिबात संकोच करू नको. हा तुझ्या प्रकारासाठी, म्हणजे लेखीच्या रकान्यात मार्क नाहीत असं धरून लिहिलाय:

विषय: टी.वाय.बी.कॉम. सेमिस्टर (अमुक) – बैठक क्रमांक (अमुक) – ऑडिटिंग (विषय कोड) या विषयाचे लेखी परीक्षेचे गुण निकालात नसल्याबाबत

प्रति,
मा. संचालक, परीक्षा व मूल्यमापन मंडळ

महोदय,

मी (आडनाव, नाव, वडिलांचे नाव), (कॉलेजचे नाव व कोड) येथे टी.वाय.बी.कॉम.चा विद्यार्थी आहे. माझा बैठक क्रमांक (अमुक) व पीआरएन (अमुक) आहे.

(तारीख) रोजी जाहीर झालेल्या निकालात ऑडिटिंग, विषय कोड (अमुक), या विषयाचे अंतर्गत गुण (अमुक) दाखवले आहेत, परंतु लेखी परीक्षेचे गुण दाखवलेले नाहीत.

हा पेपर मी (तारीख) रोजी (सकाळ/दुपार) सत्रात (केंद्राचे नाव व कोड) या केंद्रावर ब्लॉक क्र. (अमुक) मध्ये दिला आहे. उपस्थिती पत्रकावर माझी सही असून उत्तरपत्रिका क्रमांक (अमुक) व पुरवणी क्रमांक (अमुक) आहे.

कृपया वरील उत्तरपत्रिका क्रमांकावरून शोध घेऊन माझे गुण निकालात समाविष्ट करावेत, ही विनंती. छायाप्रत व पुनर्मूल्यांकनाची मुदत या विषयापुरती गुण जाहीर झाल्याच्या तारखेपासून धरावी, अशीही विनंती आहे.

सोबत: निकालाची प्रत, हॉल तिकीट, महाविद्यालयाचे अग्रेषण पत्र. उपस्थिती पत्रकाची प्रत महाविद्यालय पाठवत आहे.

आपला,
(पूर्ण नाव, मोबाईल, पत्ता)

बस, एवढाच. आता यातल्या काही गोष्टी मी मुद्दाम अशा का ठेवल्यात ते सांगतो. विषयाच्या ओळीतच सीट नंबर आणि कोड आहे कारण क्लार्क शंभर मेलच्या यादीत तीच ओळ बघतो, आणि नंतर परत शोधायचा झाला तर सीट नंबर टाकून शोधतो. नाव आडनावापासून लिहिलंय कारण फॉर्मवर आणि मार्कशीटवर तसंच आहे, घरचं नाव किंवा इन्स्टाग्रामचं नाव नको. अंतर्गत गुण मुद्दाम लिहायला लावलेत, त्यावरून वाचणाऱ्याला लगेच कळतं की अडचण त्यांच्याकडच्या भागात आहे, कॉलेजकडे ढकलण्यासारखी नाही.

आणि मागणी एकच आहे, शोध घ्या. यात "पुनर्मूल्यांकन करा" लिहू नको. मार्कच नसतील तर पुन्हा तपासायचं काय? तो शब्द दिसला की मेल दुसऱ्या टेबलावर जातो, ते म्हणतात ऑनलाइन फॉर्म भरा, फी भरा, आणि तिथे फॉर्म भरायला गेलास की विषयापुढे मार्क नाहीत म्हणून फॉर्मच पुढे सरकत नाही. असं अडकलेली पोरं मी बघितलीत. पण मुदतीची ओळ मात्र ठेव, कारण मार्क निघाले आणि ते फार कमी निघाले तर तुला पेपरची झेरॉक्स मागायची असेल, आणि तोपर्यंत सगळ्यांची मुदत संपलेली असेल. मुदत वाढवून देतील का हे विद्यापीठाच्या नियमावर आहे, पण आधीच लेखी मागितलेलं असलं तर पुढे बोलायला जागा राहते.

मेल स्वतःच्या आयडीवरून कर, शक्यतो परीक्षा फॉर्मवर दिलाय त्याच. सीसीमध्ये कॉलेजचा अधिकृत मेल टाक. कागदांचे फोटो तिरके, सावली पडलेले नको, उजेडात सरळ धरून पीडीएफ कर आणि फाइलच्या नावात सीट नंबर टाक. गूगल ड्राइव्हची लिंक पाठवू नको, परवानगी नसल्यामुळे ती तिकडे उघडत नाही आणि ते सांगतही नाहीत. हजेरीचा कागद कॉलेजने तुझ्याच हातात दिला असेल तर दुसऱ्या मुलांच्या ओळी झाकूनच जोड.

पाठवल्यावर रोज नवीन मेल करू नको. नवीन मेल म्हणजे त्यांच्याकडे नवीन तक्रार, मग तीन माणसं तीन ठिकाणी तोच पेपर शोधतात किंवा प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय. सात कामाचे दिवस थांब, मग त्याच मेलला रिप्लाय करून दोन ओळी लिही, अमुक तारखेच्या मेलवर काय कार्यवाही झाली ते कळवावं. त्यानंतरही काही नाही तर मग जळगावला विद्यापीठात एक फेरी मारावी लागेल. शहाद्यावरून येऊन-जाऊन दिवस जातो, तळोदा-धडगावकडच्या पोरांचा तर त्याहून जास्त, म्हणून ती फेरी रिकाम्या हाताने करायची नाही. मेलची प्रिंट, सगळ्या कागदांचे दोन सेट, ओळखपत्र घेऊन जा. एक सेट आवक शाखेत दे आणि दुसऱ्यावर शिक्का आणि आवक क्रमांक घेऊनच निघ. टेबलावरचा माणूस कितीही गोड बोलला, "ठेवून जा, करतो" म्हणाला, तरी आवक क्रमांकाशिवाय कागद ठेवायचा नाही, कारण पुढच्या वेळी त्या खुर्चीवर दुसरा कोणी असू शकतो. आणि कोणी पैसे घेऊन आतून काम करून देतो म्हणालं तर बाहेरच्या बाहेर निघून ये, कारण त्या भानगडीत एरवी सरळ सापडला असता तो पेपरसुद्धा संशयात येतो.

वेळेचं मात्र गंभीरपणे घे. उत्तरपत्रिका विद्यापीठ कायम ठेवत नाही, ठरलेल्या मुदतीनंतर त्या रद्दीत जातात. दिवाळीनंतर बघू, पुढच्या सेमिस्टरला बघू असं केलं आणि मग पेपरच शिल्लक नाही, हे मी दोन वेळा बघितलंय आणि तिथे खरोखर काहीच करता आलं नाही. हजेरीत सही होती, पण मार्क कशाचे देणार?

आणखी एक अडचण येऊ शकते. तुझा निकाल नापास किंवा राखीव दिसत असेल आणि मार्क यायच्या आत बॅकलॉगच्या परीक्षा फॉर्मची शेवटची तारीख आली, तर काय करायचं? यावर वेगवेगळे लोक वेगवेगळं सांगतील. माझं मत विचारशील तर फॉर्म भरून टाक. जिवावर येतं, आपला दोष नसताना फी भरायची, मला कळतं. पण मार्क वेळेत आले नाहीत आणि फॉर्मही भरलेला नाही तर एक पूर्ण परीक्षा हातची जाते. फॉर्म भरल्याची पावती ठेव, आणि त्याच मेलच्या साखळीत एक ओळ लिही की गुण मिळेपर्यंत खबरदारी म्हणून फॉर्म भरला आहे. म्हणजे उद्या कोणी म्हणायला नको की तुम्हीच नापास मान्य करून फॉर्म भरला. पुढच्या ॲडमिशनची मुदत असेल, एमकॉमला किंवा बीएडला, तर कॉलेजकडून निकाल प्रलंबित असल्याचं पत्र घेऊन त्या कॉलेजला दाखव, तात्पुरता प्रवेश देतात का विचार.

महिना होऊन गेला आणि मेलला, आवकच्या कागदाला, कशालाच उत्तर नाही, अशा वेळी दोन रस्ते राहतात. एक, कॉलेजची विद्यार्थी तक्रार निवारण समिती, यूजीसीच्या २०२३ च्या नियमांनुसार ती प्रत्येक कॉलेजात असायला पाहिजे आणि तिने शक्यतो पंधरा कामाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. तो अहवाल कॉलेजच्या सक्षम अधिकाऱ्याकडे जातो, त्यामुळे कॉलेजचं पत्र अडलं असेल तर तेही तिथे मांडता येतं. दुसरा रस्ता माहितीचा अधिकार. दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आपल्या महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत ठेवायचा असतो, त्यामुळे त्यात कहाणी लिहू नको. "अमुक बैठक क्रमांकाच्या, अमुक उत्तरपत्रिका क्रमांकाच्या माझ्या तपासलेल्या उत्तरपत्रिकेची प्रत मिळावी" एवढंच माग. स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका मागायचा हक्क सुप्रीम कोर्टाने २०११ मध्ये मान्य केलाय. पण मी पोरांना हे पहिल्याच आठवड्यात करू देत नाही. अर्ज गेला की प्रकरण माहिती अधिकाऱ्याकडे जातं, टेबलावरचा माणूस म्हणतो आता तिकडूनच उत्तर जाईल, आणि तीन आठवड्यांत झालं असतं ते काम लांबतं. आधी साधा रस्ता पूर्ण चालून बघायचा.

मार्क आल्याचा मेल किंवा मेसेज आला की लगेच सुटलो म्हणून झोपू नको. ऑनलाइन रिझल्ट परत डाउनलोड कर आणि नुसता ऑडिटिंगचा आकडा नाही तर खाली एकूण, एसजीपीए आणि निकालाचा शेरा बदललाय का बघ, कारण विषयात मार्क चढतात आणि बेरीज जुनीच राहते, हेही होतं. मग कॉलेजच्या लेजरमध्ये दुरुस्ती आली का विचार. छापील मार्कशीट आधीच हातात पडली असेल तर ती परत करून दुरुस्त घ्यावी लागते, जुनीची झेरॉक्स ठेवून मगच मूळ प्रत दे. त्या शिरपूरच्या मुलीचं असंच झालं होतं, ३८ चढले होते पण खाली शेरा नापासचाच होता, ती खूश होऊन घरी निघाली होती, मी म्हटलं थांब, खालची ओळ वाच. त्याच साखळीत अजून एक मेल केला, चार दिवसांत तेही दुरुस्त झालं.

तू आता रिझल्टची पीडीएफ बघून एवढंच सांग, ऑडिटिंगच्या ओळीत अंतर्गत मार्क दिसतात का, आणि लेखीच्या जागी डॅश आहे, AB आहे की अगदी कोरं आहे. सीट नंबर, पीआरएन इथे टाकू नको, ते सगळ्यांना दिसतं. तेवढं कळलं की मेलमध्ये कुठली ओळ बदलायची ते सांगतो.